वर अभ्यासिका, खाली खानावळ

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या जिवावर दोन धंदे चालतात: अभ्यासिका आणि खानावळ. गिऱ्हाईक तेच, गल्लीही तीच. तरी मुलं थोडी घटली की एकाचा नफा निम्म्यावर येतो आणि दुसऱ्याला जेमतेम झळ लागते. असं का, हे हिशोबासाठी धरलेल्या आकड्यांवर पाहू.

अभ्यासिकेत 100 मुलं, महिन्याला प्रत्येकी 1,200 रुपये. पाणी, वीज असा मुलामागे वाढणारा खर्च फक्त 100. म्हणजे प्रत्येक मुलामागे 1,100 रुपये उरतात. पण जागेचं भाडं, पगार, कर्जाचा हप्ता मिळून 88,000 रुपये खुर्च्या रिकाम्या असल्या तरी द्यावेच लागतात. ते 80 मुलांत वसूल होतात. पुढच्या 20 मुलांचे 22,000 हा नफा.

खानावळीतही 100 मुलं, प्रत्येकी 3,000. त्यातले 2,560 धान्य, भाजी, गॅसवर जातात, 440 उरतात. स्थिर खर्च 22,000, म्हणजे 50 मुलांत खर्च निघतो. नफा इथेही 22,000च.

आता दहा मुलं गावी परतली. खानावळीचा नफा 17,600 होतो, कारण त्या दहांचा किराणाही वाचला. अभ्यासिकेचं भाडं मात्र कमी झालं नाही. नफा थेट 11,000. विक्री दहा टक्के घटली, नफा पन्नास टक्के. या पाचपटीला ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. खानावळीची पट दोन. दहा मुलं वाढली असती तर अभ्यासिकेचा नफा 33,000 झाला असता, अर्थात तेवढ्या खुर्च्या असतील तर.

खर्च निघण्याच्या बिंदूपर्यंत विक्री किती टक्के घसरू शकते, ते मार्जिन ऑफ सेफ्टी. अभ्यासिकेचं 20 टक्के, खानावळीचं 50. दोन्ही मापं एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत: 100 ला 20 ने भागलं की 5, 50 ने भागलं की 2. त्यामुळे ही पट धंद्याच्या कपाळावर कोरलेली नसते. त्याच अभ्यासिकेत 84 मुलं उरली तर ती 21 होते. चार मुलं गेली की नफा शून्य. 2020 च्या टाळेबंदीत तर बरीच मुलं गावी गेली.

खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या की मालकाचा हात फीकडे जातो. जास्तीच्या मुलाचा खर्च शंभरच, मग 1,100 घेतले तर काय बिघडलं? पण सवलत सगळ्यांनाच द्यावी लागते. मुलामागे 1,000 उरतात आणि खर्च निघायला 80 ऐवजी 88 मुलं लागतात. गेलेली दहाही मुलं परत आली, तरी नफा 11,000 वरून फक्त 12,000 होतो. शेजारच्यानंही फी उतरवली आणि कुणीच आलं नाही, तर हाती राहतात 2,000.