ज्या कामगाराला मालकच नव्हता

साठच्या दशकातला मुंबईचा घाऊक बाजार. माथाडी सकाळी एका पेढीची साखर उतरवायचा, दुपारी दुसऱ्या पेढीचा तांदूळ आणि संध्याकाळी तिसऱ्याच कुणाच्या ट्रकमध्ये माल चढवायचा. हमाली नगावर ठरायची, पैसे मुकादमाच्या हातून मिळायचे. पोते पाठीवर पडून मणका दुखावला, किंवा वयामुळे ओझे झेपेनासे झाले, तर दाद मागायची कुणाकडे? पेढीवाला सांगायचा, “हा माझा नोकर नाही. पोती उतरवली, हमाली दिली, व्यवहार संपला.” कराराच्या कायद्याने पाहिले तर त्याचे म्हणणे बरोबरही होते.

नियम बरोबर आणि परिणाम अन्यायाचा, या पेचावर अमेरिकन विधिज्ञ रॉस्को पाउंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बोट ठेवले. बेकरी कामगारांना आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवू नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला होता. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. किती तास काम करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मालक आणि कामगार दोघांनाही आहे, असे त्यामागचे कारण होते. पोटासाठी भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला असे स्वातंत्र्य खरोखर असते का, हे पाहायला हवे, असा पाउंड यांचा आग्रह होता. कायदा पुस्तकात काय आहे आणि व्यवहारात त्याचे काय होते, हे दोन्ही तपासणाऱ्या या विचाराला समाजशास्त्रीय विधिविचार म्हणतात. पाउंड कायद्याकडे सामाजिक अभियांत्रिकी म्हणून पाहत. परस्परांशी टक्कर घेणारे हितसंबंध आधी नीट मांडायचे आणि कमीत कमी घर्षणात जास्तीत जास्त गरजा भागतील अशी रचना करायची, हे त्यांच्या मते कायद्याचे काम.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यातून १९६९ मध्ये आलेला महाराष्ट्राचा माथाडी कायदा या विचाराचा उत्तम नमुना आहे. बाजारातले हितसंबंध उघड होते. व्यापाऱ्याला गरजेपुरतीच माणसे हवी होती, कायमची नोकरी देणे त्याला परवडणारे नव्हते. माथाडीला हक्काची मजुरी आणि म्हातारपणाची सोय हवी होती. शहराला बाजार सुरळीत चालायला हवा होता. एकाच व्यापाऱ्याला जबरदस्तीने मालक ठरवले असते, तर त्याने टोळीच बदलली असती. म्हणून कायद्याने ‘मालक कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि दोघांच्या मध्ये एक मंडळ उभे केले. त्यात मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापारी आणि माथाडी दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते.

समजा, एका टोळीने महिनाभर एका पेढीचे काम केले, मजुरी एक लाख रुपये झाली आणि त्या मंडळाची लेव्ही तीस टक्के आहे. पेढी मंडळाकडे १ लाख ३० हजार रुपये भरते. मंडळ एक लाखाची मजुरी टोळीतल्या कामगारांना देते. तीस हजारांतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची तरतूद होते. टोळीने त्याच महिन्यात आणखी चार पेढ्यांचे काम केले असेल, तर त्या पाचही ठिकाणची लेव्ही मंडळाकडे जमा होते. व्यापाऱ्याचा संबंध कामापुरताच राहतो, पण माथाडीच्या नावावरची पुंजी तुटक राहत नाही.

बिघाड व्हायचा तो इथेच होतो. व्यापारी नोंदणी टाळतो, किंवा थोडी मजुरी मंडळामार्फत आणि उरलेली रोख हातावर देतो. घरखर्चाची निकड असलेल्या माथाडीलाही ती रोख बरी वाटते, पण तिच्यावरची लेव्ही बुडते आणि निवृत्तीच्या वेळी हिशेबात खड्डा दिसतो. खरोखर किती माल उतरला आणि मंडळाकडे किती मजुरी भरली, हे ताडून पाहिले की चोरी पकडता येते. दुसरीकडे, माथाडींच्या नावाखाली काम न करताच पैसे उकळणारी मंडळीही शिरली. त्यांचा जाच खरा आहे आणि त्यांच्यावर कठोर कारवाई व्हायलाच हवी. पण त्यांचे निमित्त करून कायद्याचे संरक्षणच आकसवले, तर शिक्षा खऱ्या माथाडीला होईल. यंत्रे आली तशी पाठीवरची कामेही घटत आहेत, आणि लेव्ही मजुरीवर आधारलेली असल्यामुळे मंडळाचे उत्पन्नही त्याबरोबर घटते.

तरीही ही रचना जुनी झालेली नाही. ॲपवरून जेवण पोहोचवणारा तरुण आज एका कंपनीची ऑर्डर नेतो, तासाभराने दुसरीची. ‘तो आमचा नोकर नाही’ हे उत्तरही तेच. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी केलेल्या कायद्यात नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क अशी माथाडी कायद्याशी जवळीक सांगणारी रचना आहे. महाराष्ट्राकडे या मार्गाचा अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. मंडळाची नोंद आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ नियमित घातला नाही, तर चांगला कायदाही पुस्तकातच राहतो, हे त्या अनुभवाचे सार नवे कायदे लिहिणाऱ्यांनी पहिल्या कलमापासून ध्यानात ठेवावे.