दूध बाधतं, मग दही चालेल का?

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. पण दहीभात मात्र पचतो. असं का होतं?

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. ते कमी पडलं की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिचा वायू करतात.

विरजणातले जंतू हीच साखर फोडून तिचं लॅक्टिक आम्ल बनवतात. म्हणून दही आंबट लागतं. पण सगळी साखर संपत नाही. वाटीभर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज असेल, तर दह्यात साधारण ७ ग्रॅम उरतंच. खरी मदत पुढे होते. दह्यातले जिवंत जंतू स्वतःचं विकर घेऊन आतड्यात पोचतात आणि उरलेली साखर तिथे फोडतात. शिवाय घट्ट दही दुधापेक्षा सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे पचनाला वेळ मिळतो.

कढी उकळली की हे जंतू आणि विकर दोन्ही नष्ट होतात. साखर तेवढीच राहते. चक्क्यातली बरीचशी साखर मात्र निवळीबरोबर गळून जाते.

सुरुवात अर्ध्या वाटी ताज्या दह्याने, जेवणासोबत करावी. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर दहीही टाळावं.