‘समीर’चा पत्ता गेमला का सापडत नाही

हैदराबादेतल्या मराठी घरात नव्या कॉम्प्युटरवर लोकल अकाउंटचं नाव ‘समीर’ असं देवनागरीत टाइप केलं, की विंडोज त्याच नावाचं युजर फोल्डर बनवतं. ब्राउझर, वर्ड सगळं सुरळीत चालतं. मग एखादा गेम इन्स्टॉल होताना अर्ध्यावर थांबतो, किंवा चालतो पण सेव्ह टिकत नाही. संशय डाउनलोडवर जातो, ग्राफिक्स कार्डवर जातो; दोष मात्र फोल्डरचा पत्ता वाचणाऱ्या कोडमध्ये असतो. विंडोजची फाइल व्यवस्था नावं युनिकोडमध्येच ठेवते, म्हणजे तिला ‘समीर’ नीट कळतो. पण फाइल उघडायला विंडोजमध्ये दोन दारं आहेत: CreateFileW युनिकोड घेतं, तर जुनं CreateFileA मशीनच्या कोड पेजमधली अक्षरं घेतं. भारतातल्या इंग्रजी विंडोजवर हे कोड पेज सहसा १२५२ असतं आणि त्यात देवनागरी नाही. जुन्या दारानं पत्ता विचारला की हाती येतं ते असं:

```
C:\Users\????\AppData\Local\Temp
```

विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून १२३ क्रमांकाची एरर येते. दुसरा प्रकार जास्त फसवा. गेम नाव यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, पण ते जुन्या दारातून पाठवतो. मग ‘स’चे तीन बाइट `à¤¸` असे वाचले जातात. गेम अ‍ॅडमिन म्हणून चालवला असेल, तर Users मध्ये अशा नावाचं भलतंच फोल्डर उभं राहतं आणि सेव्ह तिथे जातात. लॉगमध्ये या दोन खुणांपैकी कोणती दिसते, यावरून चूक कुठली ते कळतं.

नाव इंग्रजीत ठेवा, विषय संपला, असं कुणी म्हणेल. अडचणीतून सुटायला सल्ला बरोबरच आहे, पण जपानी किंवा रशियन माणसाला तो पाळावाच लागला असं नाही. त्यांच्या लिप्यांना ९३२ आणि १२५१ ही कोड पेजेस होती, त्यामुळे त्यांच्या मशीनवर जुनं दारही उघडायचं. विंडोजनं देवनागरीला आणि तेलुगूला तशी सोय कधी दिलीच नाही; शेजारच्या तेलुगू घरातही तीच प्रश्नचिन्हं उमटतात. (मायक्रोसॉफ्टचं विकास केंद्र १९९८ पासून याच शहरात आहे!) दुसरा आक्षेप असा, की २०१८ पासून विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ चा पर्याय आहे. आहे, पण तो ‘बीटा’ म्हणून, आणि तो चालू केला की बिगर-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या मराठी फायली काही प्रोग्रॅममध्ये बिघडू शकतात.

गेम `D:\Games` मध्ये टाकूनही भागत नाही, कारण सेव्ह बहुधा Documents किंवा AppData मध्येच जातात. `C:\Temp` फोल्डर बनवून TEMP आणि TMP या व्हेरिएबलना तेच दिलं तर पुष्कळ इन्स्टॉलर पुढे सरकतात, सेव्हचं दुखणं तसंच राहतं. सेटिंग्जमध्ये अकाउंटचं नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. म्हणून इंग्रजी नावाचं नवं अकाउंट काढावं, जुन्या सेव्ह तिथे कॉपी कराव्यात, आणि गेम चालतोय याची खात्री होईपर्यंत जुनं अकाउंट पुसू नये.