आजचा फोटो काढून झालाय

दोन मित्र चालले होते. वाटेत सर्कशीतली मंडळी चक्क हत्तींवर बसून चाललेली दिसली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "घे, तुझा आजचा फोटो आयताच मिळाला." दुसरा म्हणाला, "नाही, आज मी दुपारच्या जेवणाचा फोटो काढलाय." हत्ती निघून गेले, पण त्याने काही कॅमेरा उचलला नाही.

हा दुसरा म्हणजे न्यूयॉर्कचा छायाचित्रकार जेमी लिव्हिंग्स्टन. हा किस्सा पुढे त्याच्या ह्यू क्रॉफर्ड या मित्राने सांगितला. ३१ मार्च १९७९ रोजी, कॉलेजात असताना, जेमीने पोलरॉइड कॅमेऱ्यावर रोज एक फोटो काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७पर्यंत, म्हणजे साडेअठरा वर्षं, ते चालू ठेवलं. त्या दिवशी तो कॅन्सरने गेला. तो त्याचा एकेचाळिसावा वाढदिवस होता. मागे सहा हजारांवर फोटो उरले. त्यांत मित्र आहेत, जेवणाच्या बशा आहेत, बेसबॉलचे सामने आहेत, ज्यात काहीच विशेष नाही अशा खोल्या आहेत, आणि शेवटी शेवटी हॉस्पिटलही आहे. २००७ साली मित्रांनी त्याच्या जुन्या कॉलेजात, बार्डमध्ये, या सगळ्याचं प्रदर्शन भरवलं.

रोज एक फोटो काढायचा संकल्प पुष्कळ जण करतात. त्यातले बहुतेक फेब्रुवारीत गळतात. जेमी साडेअठरा वर्षं टिकला, याचं उत्तर मला तरी त्या हत्तींच्या किस्स्यात दिसतं. दिवसाला एकच फोटो, आणि एकदा काढला की त्या दिवसाचं काम संपलं. दुसरा प्रयत्न नाही, बदली नाही. त्याच्या एसएक्स-७० कॅमेऱ्यात एका पाकिटात दहाच फोटो बसत, निगेटिव्ह नसे, आणि प्रत्येक फोटोला पैसे पडत. त्यामुळे 'आणखी चार काढून बघू' हा विचार खिशालाच परवडणारा नव्हता. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की 'हा फोटो पुरेसा चांगला आहे का?' हा प्रश्नच त्याने निकालात काढला होता. वर्षभराचा उपक्रम मोडतो तो या प्रश्नापायी. ज्या दिवशी वेळ मिळत नाही, त्या दिवशीही कशाचा तरी फोटो निघतोच. अडतं ते वेळ असूनही काही 'चांगलं' दिसत नाही त्या दिवशी.

आपल्या हातात मोबाइल आहे आणि त्यात फोटोंना तोटा नाही. अडचण नेमकी तीच. चहाच्या कपाचे चौदा फोटो निघतात, कुठला ठेवायचा ते रात्री ठरत नाही, उद्या बघू म्हणून ते तसेच राहतात, आणि महिनाअखेर फोनमध्ये चारशे फोटो जमतात, पण 'रोजचा एक' कुठेच नसतो. म्हणून पहिला नियम असा ठेवावा: हवे तेवढे फोटो काढा, पण झोपण्याआधी त्यातला एक निवडून फोनमधल्या वेगळ्या अल्बममध्ये टाका. अल्बमला 'रोज' असं नाव दिलं तरी चालेल. निवडायला दोन मिनिटं. जमत नसेल तर सरळ शेवटचा काढलेला घ्या. फिल्टर, कोलाज, खाली दोन ओळी, रोज स्टेटसला टाकणं, यातलं काहीही नियमात घालू नका. मन झालं तर करा, पण नियम एवढाच हवा की ताप आलेल्या दिवशी पलंगावरूनही तो पाळता यावा.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. फोटो कधी काढला याची तारीख फाइलच्या आतच नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली ती नोंद पुसली जाते. मग वर्षाअखेरीस कुटुंबाच्या ग्रुपमधून फोटो परत गोळा करायला बसलात, तर काढल्याची तारीख मिळत नाही, मिळते ती पाठवल्याची किंवा उतरवून घेतल्याची. म्हणून मूळ फाइल ठेवा. पाठवायचीच वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. महिन्यातून एकदा 'रोज' अल्बम कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून फाइलला `2026-06-14` अशा पद्धतीने नाव द्या. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं नाव दिलं की सगळ्या फाइली आपोआप क्रमाने लागतात. मोबाइलचा एक फोटो साधारण चार एमबी धरला तर ३६५ फोटो दीड जीबीत मावतात. म्हणजे जागेची सबब चालणार नाही.

आता विषय. 'जे सुचेल ते' हा विषय पहिले पंधरा दिवस पुरतो. फुलं, सूर्यास्त, मांजर, चहा, खिडकीतला पाऊस झाला की घर संपतं. उलट वर्षभर एकच विषय धरला तर त्याची शिस्त मोठी असते. अमेरिकन छायाचित्रकार कार्ल बेडन २३ फेब्रुवारी १९८७पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढत आला आहे. तोच कॅमेरा, तोच प्रकाश, तीच पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्यावर हसू नाही की आठी नाही. बाकी सगळं बांधून ठेवल्यामुळे जे बदलतं ते फक्त वय. हे भारी आहे, पण त्याला वेगळाच पिंड लागतो.

मला मधला मार्ग बरा वाटतो. समजा, साताऱ्यात एका शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या ताई आहेत. शाळेच्या आवारात बहावा आहे. दर सोमवारी त्यांनी त्या बहाव्याचा फोटो घ्यायचा. फाटकाच्या त्याच खांबाला टेकून, फोन आडवा धरून, झूम न करता, सकाळी शाळा भरण्याआधी. वेळ सकाळचीच का? संध्याकाळी साडेसहाला जूनमध्ये लख्ख उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये अंधार पडलेला असतो. वर्षाचा काही भाग काळा येतो. खांब का? कारण उभं राहायची जागा हातभर सरकली तरी फोटो एकापुढे एक लावताना झाड उड्या मारतं. सुट्टीच्या सोमवारी आवार बंद असेल तर फाटकाबाहेरून घ्यायचा, गावालाच गेल्या असतील तर तो सोमवार मोकळ्या दिवसांत धरायचा.

हे झाले बावन्न दिवस. उरलेल्या सहा दिवसांना आठवड्याचा एकेक मथळा: या आठवड्यात हात, पुढच्या आठवड्यात कुलपं, मग रांगा, मग पाट्या, मग झाकणं. (पाट्यांच्या आठवड्यात पुण्याला जायची गरज नाही, साताराही या बाबतीत मागे नाही.) मथळ्यांची यादी सुरुवातीलाच एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवायची. 'आज कशाचा काढू' हा प्रश्न मग आठवड्याला एकदाच पडतो, आणि त्याचंही उत्तर कागदावर असतं.

हातांच्या आठवड्यातला गुरुवार बघा. दिवसभर फोटो राहून गेला, रात्रीचे सव्वादहा झालेत, जेवणं उरकलीत. अशा वेळी मोठं काही शोधायला जाऊ नये, अंतर कमी करावं. ताटाजवळ फोन वीतभरावर न्या. तिथे आमटीतून वेचून ताटाच्या कडेला सारलेली कढीपत्त्याची पानं आहेत, आणि शेजारी शेवटचा घास पुसून घेणारी दोन बोटं. वरचा दिवा फोनच्या सावलीत जात असेल तर फोन ताटाच्या दुसऱ्या बाजूने धरा. फ्लॅश नको, त्याने स्टीलचं ताट पांढरंफेक होतं. फोटो झाला. दहा वर्षांनी याच फोटोत त्या घरची आमटी, ते ताट आणि ती बोटं सापडतील. त्याच आठवड्यात काढलेला सूर्यास्त कुठल्याही गावचा असू शकतो.

माणसांचे फोटो असतील तर विचारून काढावेत. दुसऱ्यांच्या मुलांचे तर नक्कीच.

ओहोट लागते ती साधारण दुसऱ्या महिन्यात. ती ओळखायची खूण सोपी आहे: सलग चार दिवस पंख्याचा, छताचा किंवा टीव्हीचा फोटो निघतो, आणि निवड करायची राहून जाते. तेव्हा नियम कडक करू नका. मथळा बदला, किंवा आठवडाभर फक्त सकाळी नऊच्या आत फोटो उरकून टाका. रात्रीवर ढकललेला फोटो हा ओझं होतो, सकाळी झालेला दिवसभर आठवतही नाही.

आणि एक दिवस चुकतोच. तिथे बहुतेकांचा उपक्रम संपतो, कारण माळ तुटली असं वाटतं. कार्ल बेडनचाही १९९१ साली एक दिवस चुकला. त्याने दुसऱ्या दिवशी फोटो काढला आणि पुढे चालू ठेवलं. त्याहून बोलकं उदाहरण तेहचिंग श्ये या कलावंताचं. १९८०-८१मध्ये न्यूयॉर्कला त्याने वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कारखान्यातल्यासारखं हजेरीचं घड्याळ दाबलं आणि प्रत्येक वेळी फिल्मवर स्वतःचं एक चित्र घेतलं. ८,७६० वेळांपैकी १३३ वेळा चुकल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत. किती वेळा झोप लागली, किती वेळा उशीर झाला, किती वेळा घाईत आधीच दाबलं, याचा हिशेब मांडून तो कामाचाच भाग केला. आपणही तेच करावं. चुकलेल्या दिवशी काळी चौकट ठेवावी, खाली तारीख आणि एका शब्दात कारण: प्रवास, ताप, विसरले. उद्याचा फोटो कालच्या तारखेला खपवू नये. एकदा ते केलं की बाकीच्या तारखांवरचाही आपलाच विश्वास उडतो.

सुरुवात १ जानेवारीलाच करायची गरज नाही, जेमीची तारीख ३१ मार्च होती. मात्र वर्ष संपायची वाट न पाहता प्रत्येक महिना संपला की त्या महिन्याचे सगळे फोटो एका ए-फोर कागदावर, सात-सातच्या ओळींत, कॅलेंडरसारखे छापून घ्या. काळ्या चौकटींसकट. असे बारा कागद होतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट निघते.