प्रवेशाआधी वाचायचं पान

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही आपल्या शाखेबाहेरचे विषय निवडावे लागतात. निवडताना त्याच्या हातात असतं ते बहुतेक वेळा माहितीपत्रकातलं एक पान. समजा, विषय आहे ‘माहिती विश्लेषणाची ओळख’, 2 क्रेडिट. पानावर लिहिलंय: ‘विद्यार्थ्यांना सांख्यिकीय संकल्पनांचे आकलन होईल. पूर्वअट: गणिताचे मूलभूत ज्ञान. मूल्यमापन: विद्यापीठाच्या नियमानुसार.’ यात चूक काहीच नाही, पण विद्यार्थ्याला ठरवता येईल असंही काही नाही.

‘आकलन होईल’ या शब्दांपाशी थांबून शिक्षकांना विचारायचं, आकलन झालं हे तुम्हाला कशावरून कळतं? मग उत्तर येतं: मुलं गावातल्या पावसाच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरतात, सरासरी आणि मध्यक काढतात, दोन्हींत फरक का पडला ते सांगतात. हेच पानावर जायला हवं. अशी तीन-चार वाक्यं पुरतात.

पूर्वअटीचा गोंधळ जास्त नुकसान करतो. ‘मूलभूत ज्ञान’ वाचून दहावीनंतर गणित सोडलेली मुलगी मागे फिरते, आणि खरं तर तिला तेवढंच गणित पुरणार असतं. इथे शिक्षकांना विचारण्यासारखा प्रश्न म्हणजे, मागच्या वर्षी मुलं कुठे अडली? शेकडेवारीत अडली असतील, तर तसं लिहावं: ‘दहावीचं गणित पुरे. शेकडेवारी आणि आलेख वाचता यायला हवेत. संगणकाची सवय नसली तरी चालेल, पहिल्या दोन प्रात्यक्षिकांत ती करून घेतली जाईल.’ सक्तीचं काय आणि असलं तर बरं काय, हे वेगळं दिसलं पाहिजे.

मूल्यमापनात आकडे हवेत. 50 गुणांपैकी 20 अंतर्गत असतील, तर ते कशाचे? उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही भागांत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं की बेरीज चालते? अंतर्गत चाचणी बुडाली तर पुन्हा मिळते का? नोकरी करून शिकणाऱ्याला तासांचा हिशोबही लागतो. एक क्रेडिट तासिकांचं आणि एक प्रात्यक्षिकांचं असेल, तर सत्रात साधारण 15 आणि 30 असे 45 तास हजर राहावं लागेल.

हे सगळं एकाखाली एक मांडलं की कधीकधी मोठी विसंगती उघडी पडते. वर म्हटलंय ‘नोंदींचं विश्लेषण करता येईल’, आणि खाली अंतिम परीक्षा 30 गुणांची, लेखी, व्याख्या विचारणारी. ही चूक भाषेची नव्हे, अभ्यासक्रमाची आहे. ती शब्दांनी झाकणं म्हणजे विद्यार्थ्याला फसवणं. गुणांची विभागणी अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेच्या मान्यतेने ठरते, संपादकाला ती बदलता येत नाही. त्याने पानावर परीक्षा जशी आहे तशीच सांगावी, आणि ती विसंगती विभागप्रमुखांना लेखी कळवावी, म्हणजे मंडळाच्या पुढच्या बैठकीत ती मांडता येईल.