एका प्रश्नासाठी शंभर सर्व्हर

घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑर्डरी १०० सर्व्हरवर वाटून ठेवल्या आहेत असे समजू. अशा प्रत्येक हिश्शाला शार्ड म्हणतात. कोणती ऑर्डर कुठे जाणार हे ग्राहक क्रमांकावर ठरते. त्यामुळे ग्राहकाने 'माझ्या ऑर्डरी' हे बटण दाबले, की नेमक्या एकाच शार्डला विचारावे लागते आणि बाकीचे ९९ आपापल्या कामात राहतात.

पंचाईत होते ती हॉटेलमालक विचारतो तेव्हा. 'आज माझ्याकडे कोणत्या ऑर्डरी आल्या?' त्याचे ग्राहक तर सगळ्या शार्डांवर विखुरलेले! हॉटेलनुसार शोधायचे तर त्यासाठी वेगळी सूची, म्हणजे दुय्यम इंडेक्स लागतो. आता हा इंडेक्स ठेवायचा कुठे?

सोपा मार्ग स्थानिक इंडेक्सचा. प्रत्येक शार्ड आपल्याजवळच्या ऑर्डरींपुरतीच सूची ठेवतो. मोंगोडीबीमध्ये शार्ड केलेल्या डेटाचे इंडेक्स असेच असतात. लिहिताना हे फार सोयीचे पडते, कारण ऑर्डर आणि तिची नोंद एकाच यंत्रावर, एकाच दमात होते. वाचताना मात्र हॉटेलमालकाचा प्रश्न १०० ठिकाणी पाठवायचा, १०० उत्तरे गोळा करायची आणि क्रम लावून एक यादी द्यायची. यालाच स्कॅटर-गॅदर म्हणतात.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली वेळेची. उत्तर तयार होते ते सर्वांत संथ शार्डचे उत्तर आल्यावर. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये याचे गणित मांडले होते. एखादा सर्व्हर १०० पैकी एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ घेत असेल, तर तो चांगलाच म्हणायचा. पण अशा १०० सर्व्हरना एकदम विचारले, तर ६३ टक्के प्रश्नांना एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चूक कोणत्याच यंत्राची नसते.

दुसरी किंमत उशिरा लक्षात येते. एक शार्ड सेकंदाला ५,००० प्रश्न हाताळतो असे धरा. ग्राहकांचे प्रश्न वाटले जातात, म्हणून १०० शार्ड मिळून ५ लाख प्रश्न पेलतात. हॉटेलमालकांचा प्रत्येक प्रश्न मात्र प्रत्येक शार्डवर जातो; म्हणजे मर्यादा पुन्हा ५,०००च. शार्ड २०० केले तरी हा आकडा जवळपास जागचा हलत नाही. प्रत्येकाकडचा डेटा कमी होतो हे खरे, पण दार प्रत्येकाचे ठोठवावेच लागते. गर्दी वाढली म्हणून यंत्रे विकत घेणाऱ्याचा इथेच हिरमोड होतो. मोंगोडीबीत `explain()` चालवून हे आधीच तपासता येते: `SINGLE_SHARD` दिसले तर प्रश्न एकाच ठिकाणी गेला, `SHARD_MERGE` दिसले तर अनेक ठिकाणी.

जागतिक इंडेक्स हे सगळे उलटे करतो. सूचीच हॉटेल क्रमांकानुसार वाटली जाते. एका हॉटेलच्या नोंदी एकत्र सापडतात, आणि यादीपुरती माहिती सूचीतच ठेवली असेल तर वाचन एका जागी आटोपते. भार आता लिहिण्यावर पडतो: ऑर्डर ४७व्या शार्डवर, तर तिची नोंद कदाचित १२व्यावर. दोन्ही बदल एकाच व्यवहारात बांधले, तर लिहिणे मंदावते. नोंद मागाहून पाठवली, तर क्षणभर सूची शिळी राहते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीने दुसरा मार्ग धरला आहे. नुकतीच आलेली ऑर्डर तिथल्या जागतिक इंडेक्समध्ये लगेच दिसेलच याची हमी नसते. (त्याच डायनॅमोडीबीतला 'लोकल' इंडेक्स मात्र मूळ वाटणीची किल्लीच वापरतो, तो वर सांगितल्यासारखा सगळीकडे विचारत फिरत नाही.)

आणखी एक खोच आहे. तिथे इंडेक्सची लिहिण्याची क्षमता कमी ठेवली, तर मूळ तक्त्यावरचे लेखनही अडवले जाते. तक्त्याची क्षमता शिल्लक दिसते, तरी ऑर्डरी नाकारल्या जातात. अशा वेळी तक्त्याचे आलेख बघत बसण्यापेक्षा इंडेक्सचे आलेख उघडावेत.

सर्वांत वाईट अवस्था होते ती 'स्थिती'सारख्या रकान्यावर जागतिक इंडेक्स बांधल्यावर. प्रत्येक नवी ऑर्डर 'प्रलंबित' असते, म्हणून सगळ्या नोंदी एकाच किल्लीवर आदळतात. डायनॅमोडीबीचा एक विभाग सेकंदाला १,००० लेखन-एककांपर्यंतच तग धरतो. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे किल्लीला शेपूट जोडणे: प्रलंबित-०, प्रलंबित-१, असे प्रलंबित-९ पर्यंत. लेखन दहा किल्ल्यांवर वाटले जाते. वाचताना दहाही किल्ल्या विचाराव्या लागतात, म्हणजे स्कॅटर-गॅदर परत आलेच. पण १०० ऐवजी १० ठिकाणी, आणि डीन-बारोसो यांच्याच हिशेबाने उशीर झालेले प्रश्न ६३ ऐवजी सुमारे १० टक्क्यांवर येतात.