अर्जात नोटीस पिरियड कसा लिहावा

पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आढळतो. भरती करणाऱ्या एचआरला त्याचे नवल नसते. बहुधा त्यांच्या स्वतःच्या नेमणूकपत्रातही तेच कलम असते. त्यांना धास्ती असते ती वेगळ्या गोष्टीची. त्या तीन महिन्यांत उमेदवार हातातली ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो, किंवा जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवून घेते, आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात तो फोन उचलेनासा होतो. म्हणून अर्जातल्या मुदतीच्या ओळीत एचआर दोन गोष्टी शोधतो: तारीख कशाच्या आधारावर दिली आहे, आणि ती पाळली जाईल का. जागा खरोखर तातडीची असेल, तर ९० दिवसांचा उमेदवार गाळला जातो. त्याला शब्दांचा इलाज नाही.

ती ओळ लिहिण्याआधी नेमणूकपत्रातले कलम काढून वाचावे. नोटीस कामाच्या दिवसांत मोजायची की कॅलेंडरच्या, राजीनामा दिल्यापासून की तो स्वीकारल्यापासून, हे तिथे सापडते. पुढचा मुद्दा बायआउटचा, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याचा. ‘कर्मचारी पैसे भरून मुदत कमी करू शकेल’ आणि ‘कंपनीची मान्यता असल्यास कमी करता येईल’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात उमेदवाराला हक्क आहे, दुसऱ्यात मॅनेजरची मर्जी. अनेकांच्या पत्रात दुसरेच वाक्य असते आणि ते राजीनामा देताना पहिल्यांदा वाचले जाते.

समजा, पुण्यातल्या एका टेस्टरचा मासिक पगार ८०,००० रुपये आहे, त्यात बेसिक ४०,०००. नोटीस ९० कॅलेंडर दिवसांची, राजीनाम्याच्या दिवसापासून मोजायची. ३ ऑगस्टला राजीनामा दिला आणि तो दिवस पहिला धरला, तर शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर येतो. शेवटचे ३० दिवस विकत घ्यायचे ठरले, तर हिशेब बेसिकवर असल्यास ४०,००० आणि पूर्ण पगारावर असल्यास ८०,००० रुपये भरावे लागतील. मग शेवटचा दिवस १ ऑक्टोबर. शिल्लक रजा नोटिशीत वळती होतेच असे नाही. उलट काही ठिकाणी नोटीस चालू असताना घेतलेली रजा मुदतीत आणखी जोडतात.

अर्ज मात्र जुलैच्या सुरुवातीला जातो, तेव्हा ऑफर कधी मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे ‘अमुक तारखेला रुजू होईन’ असे लिहिणे म्हणजे पायात बेडी घालून घेणे. मुलाखती लांबल्या की ती तारीख खोटी ठरते. दिवस ऑफर लेटरपासून मोजावेत. या टेस्टरने लिहायची ओळ अशी: ‘नोटीस पिरियड ९० दिवस. सध्याच्या कंपनीने मान्यता दिल्यास बायआउट करून ऑफर लेटर मिळाल्यापासून सुमारे ६० दिवसांत रुजू होता येईल.’ यात करारातला आकडा आहे, शक्य असलेला आकडा आहे आणि दोहोंमधली अटही आहे. नुसते ‘निगोशिएबल’ लिहिले, तर यातले काहीच कळत नाही. ओळ ईमेलच्या शेवटी यावी, अनुभव आणि कौशल्यांनंतर. दिलगिरी नको, कारणांची यादीही नको.

जॉब पोर्टलच्या फॉर्ममध्ये अटीला जागा नसते; १५ दिवस, १ महिना, २ महिने, ३ महिने अशा खणांतला एक निवडावा लागतो आणि एचआर त्यावरूनच यादी गाळतो. इथे करारातला आकडाच टाकावा. शोधात वर येण्यासाठी १५ दिवसांचा खण निवडणाऱ्याचे पितळ पहिल्याच फोनवर उघडे पडते. तिथे निभावले, तरी रिलिव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदीतली नोकरी सोडल्याची तारीख नंतर तपासली जातेच.

राजीनामा आधीच दिलेला असेल, तर चित्र पालटते. तेव्हा मोघम दिवसांऐवजी तारीखच द्यावी: ‘राजीनामा दिला आहे, शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर, २ नोव्हेंबरपासून उपलब्ध.’ ही ओळ अर्जाचे वजन वाढवते, पण तिच्या पाठोपाठ ‘दुसरी ऑफर हातात आहे का?’ हा प्रश्न येतोच. असेल तर आहे म्हणावे; कंपनीचे नाव सांगायची गरज नसते.

ऑफर आल्यावर रुजू होण्याची तारीख पत्रात छापली जाते. लवकर सोडण्याची मान्यता तोवर मिळालेली नसेल, तर ९० दिवसांचीच तारीख मागून घ्यावी आणि बायआउटची रक्कम नवी कंपनी परत देईल का, हेही तेव्हाच लेखी विचारावे. पुष्कळ कंपन्या ती देतात, पण पावती मागतात आणि वर्षभरात नोकरी सोडल्यास वसूल करण्याची अट घालतात.